'प्रकल्प' की 'नित्य काम'? वार्षिक शटडाऊन कुठे बसवायचा?

महापेकर
एका रासायनिक कारखान्यासाठी सुपरवायझर लोकांची प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करतोय. एका पानावर गाडी अडली आहे. मूळ मजकुरात कामांचे दोन गट केलेत, प्रोजेक्ट आणि ऑपरेशन्स. मी 'प्रकल्प' आणि 'नित्य काम' लिहून मोकळा झालो. खाली सरावाला यादी आहे: नवा रिॲक्टर बसवणे, रोजच्या बॅचेस काढणे, वार्षिक शटडाऊन, वार्षिक ऑडिट. कोणतं काम कोणत्या गटात ते लिहायचं.

कच्चा मसुदा दोन फोरमनना वाचायला दिला. एक म्हणाला, शटडाऊन दरवर्षी येतो, म्हणजे नित्य. दुसरा भडकला. म्हणाला, दहा दिवस घरचं तोंड दिसत नाही, बाहेरची माणसं आत, रात्रपाळीला वेल्डर, आणि याला नित्य म्हणता? मी म्हटलं, मग प्रकल्प लिहा. तर पहिला म्हणतो, 'प्रकल्प म्हणजे आपला सांडपाणी प्रकल्प ना? तो तर रोजच चालतो.'

आता मला शब्द बदलायचा की यादी, तेच कळेना.

धातुरूपावली
शब्द बरोबर आहे, वापर बिघडला आहे. प्रकल्प हा 'क्लृप्' धातूवरून. त्याच घरातले संकल्प, विकल्प आणि क्लृप्ती. म्हणजे मनात योजून उभं करायचं ते. उभं राहिलं की प्रकल्प संपला, पुढे तो कारखाना किंवा केंद्र. 'सांडपाणी प्रकल्प चालतो' हे बोलणंच चूक आहे.

बाकी या वर्गीकरणाला आपल्याकडे तयार शब्द आहेत: नित्य, नैमित्तिक आणि काम्य. रोजची संध्या नित्य, निमित्त आलं की करायचं ते नैमित्तिक, आणि फळाची इच्छा धरून केलेलं काम्य. बॅचेस नित्य, शटडाऊन नैमित्तिक, नवा रिॲक्टर काम्य. मिटला प्रश्न.

कोपरीकर
फोरमनच्या पुस्तिकेत 'काम्य' लिहिलंत तर 'काम'चा एक य जास्त पडला म्हणून खोडून देतील.

घणसोली गावठाण
'उभं राहिलं की प्रकल्प संपला' हे वाचून हसू आलं. आमच्या घरातल्या तीन पिढ्या प्रकल्पग्रस्त. सिडको १९७० ची. जमिनी गेल्या, १९८४ च्या आंदोलनात गोळीबार झाला, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. शहर उभं राहून, त्याची महानगरपालिका होऊनही जमाना झाला. माझ्या मुलाच्या हातातला दाखला आजही 'प्रकल्पग्रस्त' म्हणतो. तेव्हा या शब्दात 'तात्पुरतं' असं काही आहे हे निदान ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुणाला शिकवू नका.

महापेकर
हेच म्हणतोय मी. मूळ व्याख्येत 'तात्पुरता' आणि 'एकमेव' हे दोनच खांब आहेत, आणि मराठी 'प्रकल्प' त्यातल्या पहिल्यालाच टेकत नाही. तारापूरला कधीची वीज तयार होतेय, तरी आपण अणुऊर्जा प्रकल्पच म्हणतो.

गॅस्केट
शब्दांचं तुम्ही बघा. मी शटडाऊन प्लॅनिंगमध्ये नोकरी काढली, तेव्हा कामाचं सांगते.

'दरवर्षी येतो का?' हा प्रश्न विचारलात की दोन्ही फोरमन बरोबर ठरतात आणि भांडण तिथेच राहतं. मी नव्या पोरांना वेगळं विचारायचे: उरलेलं काम कुठे जातं? रोजच्या मेंटेनन्समध्ये एखाद्या पंपाचं सील आज झालं नाही तर उद्या होतं. ती यादी कधी बंदच होत नाही. शटडाऊनची यादी मात्र काही आठवडे आधी गोठवतात. त्यानंतर एक ओळ घालायची तर प्लांट हेडची सही लागते, आणि जे राहिलं ते थेट पुढच्या वर्षावर. शिवाय बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आलेली असते, म्हणजे सुरुवातीची तारीखही फार मागेपुढे सरकत नाही.

एक प्रसंग सांगते, कारखान्याचं नाव नको. यादीत एक कूलर होता. ओळ अगदी नेहमीची: लाइन रिकामी करून ब्लाइंड मारणे, कव्हर उघडणे, आतल्या नळ्यांचं बंडल बाहेर ओढणे, जेटने धुणे, टेस्ट घेऊन बंद करणे. चार दिवसांचं काम, आदल्या वर्षीचाच कागद तारीख बदलून काढलेला. बंडल धुऊन एडी करंट तपासणी केली तर थंड पाण्याच्या बाजूने नळ्या खड्डे पडून पातळ झालेल्या. एकूण ४०० नळ्या, त्यांतल्या २२ आधीच बुच मारून बंद केलेल्या, आता आणखी ३१ वाईट. साधारण दहा टक्क्यांपर्यंत बुचं चालवून घेतात. इथे आकडा ५३ वर गेला. नवं बंडल काही दुकानात टांगलेलं नसतं, ते बनवून यायला महिने लागतात. मग डिझाइनवाल्यांना बसवलं, उष्णतेचा हिशेब पुन्हा केला, बुचं मारली आणि वर्षभर लोड कमी ठेवून प्लांट चालवला. चार दिवसांचं काम सात दिवसांवर गेलं आणि प्लांट सुरू होण्याची तारीख तेवढीच पुढे ढकलली.

पुढच्या वर्षी त्याच कूलरला वेगळ्या धातूच्या नळ्यांचं बंडल बसवलं. त्यासाठी ड्रॉइंग, बदलाची मंजुरी, वेगळं बजेट, सगळं वेगळं. आणि त्याच दहा दिवसांत शेजारचा कूलर नुसता धुऊन परत लावला. धुणं हे नित्य, बंडल बदलणं हा प्रकल्प, आणि दोन्ही शटडाऊनच्या पोटात. म्हणून शटडाऊन ही मुळात कामाची जातच नाही. प्लांट थांबलेला असतो ती वेळ आहे ती. त्या वेळेत कुणीही आपलं काम घुसवतं. विस्ताराच्या कामाच्या पाइपलाइन जुन्या लाइनला जोडायच्या तर त्याही तेव्हाच जोडतात.

कोपरीकर
हे पटलं. ठाणेकरांना तर मेगाब्लॉकवरून लगेच कळेल. रविवारचा मेगाब्लॉक म्हणजे रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल यांची नेहमीची निगा. पण २०२४ च्या मे अखेरीस ठाण्यात ६३ तासांचा घेतला तो फलाट ५-६ रुंद करायला. ते काम एकदाच. नाव दोन्हीला मेगाब्लॉकच.

ताळेबंद
उगाच गुंता चाललाय. जे पुन्हा पुन्हा येतं ते ऑपरेशन, एवढं सोपं आहे. वार्षिक ऑडिटही ऑपरेशन. आणि मोठ्या शटडाऊनचा खर्च हिशेबात मालमत्तेला जोडतात, म्हणून तो प्रकल्प.

जमाखर्च
आपलं पहिलं आणि शेवटचं वाक्य एकमेकांना छेद देतंय, तेवढं बघा.

खर्चाचं अर्धं बरोबर आहे. इंड-एएस १६ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे काही वर्षांनी होणारी मोठी तपासणी अटींत बसली तर तिचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवतात, आणि मागच्या तपासणीचा जो भाग पुस्तकात शिल्लक असेल तो काढून टाकतात. रोजच्या सर्व्हिसिंगचा खर्च सरळ नफा-तोट्यात जातो. पण हा निकष लाभ किती काळ मिळणार याचा आहे, काम प्रकल्प आहे की नाही याचा नाही. ही तपासणी पुन्हा होणार हे मानूनच तो नियम बेतला आहे. गॅस्केटताईंचं नवं बंडल मालमत्तेत जाईल, धुण्याचं बिल बहुधा जाणार नाही. दोन्ही बिलं एकाच ठेकेदाराची आली की आमची खरी पंचाईत होते. तो 'शटडाऊन जॉब' असं लिहून एकच आकडा टाकतो. म्हणून ऑर्डर काढतानाच दोन ओळी करा.

ऑडिटचं म्हणाल तर कोण बोलतंय त्यावर आहे. मी ऑडिट फर्ममध्ये आहे. एप्रिल ते सप्टेंबर आमच्याकडे रांग असते. प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र नियुक्तिपत्र, स्वतंत्र टीम, सुरुवात आणि अहवालाची तारीख. कागदावर बघाल तर प्रत्येक ऑडिट प्रकल्प. पण फर्म म्हणून बघाल तर तीच आमची रोजीरोटी, तेच आमचं उत्पादन. क्लायंटच्या अकाउंटंटला मात्र ते दोन आठवडे प्रकल्पासारखे छळतात, कारण त्याचं रोजचं काम थांबत नाही आणि वर आम्ही व्हाउचर मागत बसतो.

त्यातही पहिल्या वर्षाचं ऑडिट वेगळं. आधीच्या ऑडिटरकडून आलेल्या सुरुवातीच्या शिलकांवर नुसता विश्वास टाकून चालत नाही, त्या पडताळाव्या लागतात. आणि क्लायंटने वर्षाच्या मध्यात सॉफ्टवेअर बदललं असेल तर मागच्या वर्षीचा कागद तारीख बदलून चालतच नाही.

धातुरूपावली
म्हणजे निमित्त बदललं. नैमित्तिक! मी काय वेगळं सांगत होतो?

गॅस्केट
काका, वर्षश्राद्ध नित्य की नैमित्तिक ते आधी सांगा. ते दरवर्षी येतं, तिथी ठरलेली, बाहेरचा माणूस बोलवावा लागतो आणि ऐन वेळी काहीतरी कमी पडतंच.

धातुरूपावली
त्यावर शास्त्रकारांतही वाद आहेत. सवडीने लिहितो.

वाशी सेक्टर ९
ऑडिटचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या सोसायटीची इमारत तीस वर्षांच्या पुढची. आमच्या उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांपर्यंत पाच वर्षांतून एकदा आणि तीसनंतर दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं आहे. चेअरमन म्हणतात, हा नेहमीचा खर्च, मेंटेनन्समधून करू. खजिनदार म्हणतात, वेगळी वर्गणी काढा. तुमच्या हिशेबाने हा प्रकल्प का?

जमाखर्च
तुम्ही म्हणताय ते स्ट्रक्चरल ऑडिट, इथे हिशेबाच्या ऑडिटची चर्चा चाललीय.

गॅस्केट
तरी प्रश्न त्याच जातीचा आहे. ऑडिट म्हणजे बंडल उघडून बघणं. आकडा ठरलेला, फार नसतो, नेहमीच्या खर्चातून करा. पण अहवालात खांबांचं जॅकेटिंग निघालं तर तो प्रकल्प, आणि त्याचा आकडा आज कुणालाच माहीत नाही. वर्गणीचं भांडण अहवाल आल्यावर करा, आत्ताच संपवू नका.

महापेकर
मंडळी, माझं पान. 'नित्य काम' आणि 'एकवेळचं काम' लिहू का? 'प्रकल्प' शब्दच काढून टाकतो. आणि शटडाऊनची ओळ मोडून दोन करतो: 'शटडाऊनमध्ये कूलर धुणे' आणि 'शटडाऊनमध्ये नवे बंडल बसवणे'.

ताळेबंद
दोन ओळी केल्यात तर अवघड उदाहरण राहिलंच कुठे? पुस्तिकेत ते मुद्दाम दिलं असणार, माणसांनी वाद घालावा म्हणून.

घणसोली गावठाण
'एकवेळचं काम' चालेल. निदान त्याचा दाखला तरी काढावा लागणार नाही.

कोपरीकर
एक शंका. वर सगळ्यांनी 'शटडाऊन आला', 'घेतला' असं पुल्लिंगी लिहिलंय. आमच्याकडे पाणी जातं तेव्हा नळावर सगळे 'शुक्रवारी शटडाऊन आहे, ते चोवीस तासांचं आहे' असं म्हणतात. तो की ते?

गॅस्केट
प्लांटमध्ये तो.

धातुरूपावली
परभाषेतून आलेल्या अचेतन नामाला नपुंसकलिंगच योग्य.

गॅस्केट
मग 'तो मेगाब्लॉक' कसा चालतो, काका?