प्रोजेक्टमध्ये एआय: टक्का बघून शून्य देणाऱ्यांसाठी

जुना_परीक्षक: "ज्याने प्रोजेक्टमध्ये एआयचं एक वाक्य जरी घातलं तो कॉपीबहाद्दर. तपासायला सॉफ्टवेअर आहे. टक्का आला की शून्य द्यायचं आणि मोकळं व्हायचं. यात चर्चा कसली करता?"

बाळीवेस: चर्चा यासाठी, साहेब, की तुमच्या त्या टक्क्याने यंदा माझ्याकडे नेमका चुकीचा माणूस धरला.

एम.कॉम.चे दोन प्रोजेक्ट. दोन्ही सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांवर. पहिला एका मुलीचा. घरात तेलुगू, शाळा मराठी, रिपोर्ट मात्र इंग्रजीत द्यायचा. हेमिंग आणि पॅकिंगला बसणाऱ्या बायकांकडून तिने स्वतः फॉर्म भरून घेतले. रिपोर्ट आधी वहीत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिला. मग एकेक परिच्छेद एआयला देऊन सांगितलं, व्याकरण नीट कर, मजकूर बदलू नको. आणि हे सगळं पहिल्याच पानावर लिहून दिलं. सॉफ्टवेअर म्हणालं, सत्तर टक्क्यांच्या वर एआय.

दुसरा एका मुलाचा. सॉफ्टवेअरच्या लेखी एकदम स्वच्छ. कारण साधं आहे, एआयचा मजकूर त्याने 'ह्युमनायझर'मधून, म्हणजे तो माणसाने लिहिल्यासारखा करून देणाऱ्या ॲपमधून काढला होता. मी तक्ता बघितला. 50 कामगारांचा सर्व्हे. पगाराबद्दल समाधानी 43 टक्के, असमाधानी 31, सांगता येत नाही 26. बेरीज शंभर, दिसायला चोख. पण 50 माणसांत एक माणूस म्हणजे दोन टक्के. विषम टक्का येईलच कसा? 43 टक्के म्हणजे साडेएकवीस माणसं. तो अर्धा कामगार कुठल्या पाळीला असतो, असं विचारलं तर पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. भरलेले फॉर्म मागितले तर "झेरॉक्सच्या दुकानात राहिले सर". संदर्भसूचीतला पहिला DOI, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकून बघितला तर मत्स्यपालनावरचा लेख उघडला. पुढच्यात नियतकालिक खरं, वर्षही बरोबर, पण त्या पानावर लेख भलत्याच माणसाचा. आणि रिपोर्टच्या दुसऱ्या प्रकरणात म्हणे सोलापूरचे टॉवेल हातमागावर विणले जातात! एमआयडीसीच्या गेटसमोर नुसता उभा राहिला असता तरी यंत्रमागाचा खडखडाट कानात बसला असता.

माझी रेघ सोपी आहे. गुण कशाला आहेत ते बघायचं. आमच्या गुणपत्रिकेत माहिती गोळा करणं, विश्लेषण आणि निष्कर्ष यांना गुण आहेत, इंग्रजीला नाहीत. म्हणून मुलीची मदत चालते. मुलाने जे काम गुणांसाठी करायचं तेच मशीनवर ढकललं, वर माणसंही मनाने उभी केली. हाच व्याकरणाचा उद्योग कुणी बिझनेस कम्युनिकेशनच्या पत्रलेखनात केला तर मी शून्य देईन, कारण तिथे गुण भाषेलाच आहेत.

नियमावर_बोट: इतकं पाल्हाळ कशाला? यूजीसीचा 2018 चा नियम आहे. 10 टक्क्यांपर्यंत माफ, 10 ते 40 असेल तर सुधारून परत द्या, 60 च्या वर गेलं की नोंदणी रद्द. मुलीचे सत्तरच्या वर, म्हणजे ती गेली. तुमच्या रेघेला कायद्यात जागा नाही.

बाळीवेस: आकडे बरोबर, पण भलत्याच गोष्टीचे. ते टक्के साम्याचे आहेत. आधी छापलेल्या मजकुराशी तुमचा मजकूर किती जुळतो, एवढंच ते सांगतात. त्यात जुळलेलं वाक्य आणि त्याचं मूळ दोन्ही समोर दिसतं, उघडून पडताळता येतं. एआयचा टक्का हा नुसता अंदाज असतो, त्याला दाखवायला मूळ नसतंच. तो नियम आला तेव्हा ही सॉफ्टवेअरं कुणाच्या गावीही नव्हती.

आणि नियम शेवटपर्यंत वाचा. त्यात 'स्क्रिप्ट' कशाला म्हणायचं ते दिलंय आणि असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्सवर्क, उत्तरपत्रिका त्यातून सरळ वगळल्यात. तो प्रबंधांना, शोधनिबंधांना लागू. आमच्या प्रोजेक्टला कॉलेजने काही ठरवलं असेल तेच लागू, आणि बहुतेक ठिकाणी काहीच ठरवलेलं नसतं. खरी बोंब तिथे आहे.

नियमावर_बोट: वगळलंय हे मान्य. मग काय, मोकळं रान?

पूर्वभाग_यंत्रमाग: सर, तुमची ती मुलगी वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या घरात हेच झालं. माझ्या धाकट्या बहिणीने एआयला हातही लावला नव्हता. शाळा तेलुगू माध्यमाची, इंग्रजी गाइड पाठ करून शिकलेली, त्यामुळे वाक्यं छोटी आणि ठरावीक साच्यातली. मशीनला वाटलं मशीनच. मॅडमनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, कुठल्या ॲपवरून आणलंस? पोरगी दोन दिवस जेवली नाही. आम्ही वही घेऊन गेलो तर म्हणे वही नंतरही लिहिता येते. आता निर्दोष असल्याचा पुरावा आणायचा कुठून?

बाळीवेस: तुमच्या बहिणीचं उदाहरण एकटं नाही. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी सात डिटेक्टर तपासले होते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेलचे निबंध त्यांना दिले, सगळे माणसांनी लिहिलेले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले. कारण तुम्ही म्हणालात तेच: ठरावीक शब्द, ठरावीक वाक्यं. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जानेवारीत आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत गुंडाळला. बनवणाऱ्यालाच ओळखता येईना.

पुरावा म्हणाल तर, गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर Version history उघडा. मजकूर तुकड्यातुकड्याने वाढला की एका दणक्यात पडला ते दिसतं. अर्थात टायपिंग सेंटरवरून करून आणलं असेल तर तिथेही एका दणक्यातच दिसणार, म्हणून मी एवढ्यावर कुणाला दोषी धरत नाही. भरलेले फॉर्म आणि दहा मिनिटांची तोंडी, यावर भागतं.

बाइंडिंग_गल्ली: एआयच्या नावाने सगळे गळा काढतायत, गंमत वाटते. मी अनेक वर्षं डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान चालवलं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत कुणाचं काय आहे ते पोराला तर नाहीच, गाइडलाही माहीत नसायचं. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, नाव बदलायचं, कारखान्याचं नाव बदलायचं, प्रिंट. एकदा आभाराच्या पानावर जुन्या पोराच्या आईवडिलांची नावं तशीच राहिली. प्रोजेक्ट सहीसकट पास. तेव्हा कुठे होती तुमची नीतिमत्ता? आता पोरगं दुकानात यायच्या ऐवजी मोबाइलवर करतंय, एवढाच फरक. आमचा धंदा बसला म्हणून कुणी धागा काढला नाही.

तासाचा_मास्तर: सही करणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे हो. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने अडकतात. प्रोजेक्ट तपासायचा तास धरतच नाहीत. एकेकाकडे साठ-सत्तर पोरं. बाळीवेस सर कायम नोकरीत आहेत हे त्यांच्या पोस्टवरूनच कळतं. DOI उघडून बघा म्हणे! दहा मिनिटांची तोंडी गुणिले सत्तर करा आणि सांगा मी घरी कधी जाऊ.

बाइंडिंग_गल्ली: म्हणून डोळे मिटून सही?

तासाचा_मास्तर: तू फाइल विकायचास आणि मला शहाणपण शिकवतोस? लाज वाटते का?

बाइंडिंग_गल्ली: विकायचो, उघड विकायचो. तुमच्यासारखा कपाळाला गंध लावून नाही.

गड्डा_रिटर्न: दोघेही थांबा जरा. माझा साधा प्रश्न. मुलगा बारावीला आहे, पर्यावरणाचा प्रकल्प एआयवरून काढून सुवाच्य अक्षरात लिहून घेतला तर चालेल ना? हाताने लिहिलं म्हणजे त्याचंच झालं.

पूर्वभाग_यंत्रमाग: ताई, अख्खा धागा वाचला का?

गड्डा_रिटर्न: वाचला. भांडणंच आहेत सगळी. विषय उजनीचा पाणीपुरवठा आहे, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते आमच्या घरातच माहीत आहे, पण ते लिहिलं तर सरांना 'माहिती कमी' वाटते.

बाळीवेस: ताई, तेच लिहू द्या त्याला. महिनाभर पाणी कुठल्या तारखेला आलं आणि किती वेळ टिकलं, कॅलेंडरवर खुणा करायला सांगा. ती माहिती एआयकडे नाही.

तासाचा_मास्तर, सत्तर पोरांची तोंडी होणार नाही हे खरं. मग तक्त्यांवर नजर टाका. नमुना किती आणि टक्के त्यात बसतात का, हे दोन मिनिटांत कळतं. तेही सगळ्यांना लागू पडत नाही. नमुना 100 चा घेतला की कुठलाही पूर्ण टक्का बसतो, मग ही युक्ती संपली.

तासाचा_मास्तर: दोन मिनिटं देईन. फुकटची. पगार तुम्ही काढून द्या.

जुना_परीक्षक: धागा माझ्या नावाने निघालाय म्हणून बोलतो. टक्क्यावर शून्य देऊ नये, बरं, घटकाभर धरून चालू. पण बाळीवेस, तुमची रेघ इतकी सोपी असेल तर एवढं सांगा. त्याच गुणी मुलीने शेवटचा खुला प्रश्न ठेवला असेलच, 'आणखी काय सांगाल' म्हणून. पन्नास बायकांची तेलुगू-मराठी उत्तरं. ती गटांत कुणी लावली?

बाळीवेस: नेमकं धरलंत. उत्तरं तिने एआयला दिली आणि पाच गट करून घेतले. मग प्रत्येक उत्तर वाचून सात-आठ हलवली. उदाहरणार्थ, 'धाग्याचा फुफाटा' एआयने स्वच्छतेत टाकला होता, तिने तो आरोग्यात नेला, कारण ती बाई दम्याबद्दल बोलत होती. मी विश्लेषणाचे थोडे गुण कापले. आमच्या विभागातल्या दुसऱ्या मॅडमच्या मते कापायलाच नको होते, कारण हलवाहलव हेच विश्लेषण. माझं म्हणणं, गट आधी तिने पाडायचे आणि मग मशीनशी ताडून बघायचे. आमचं अजून जुळलेलं नाही.

जुना_परीक्षक: म्हणजे रेघ तुमच्याच विभागात दोन ठिकाणी आहे. छान.

पूर्वभाग_यंत्रमाग: सर, एक राहिलं. माझा स्वतःचा छोटा कारखाना आहे म्हणून विचारतो. त्या फॉर्मवर बायकांची आणि कारखान्याची नावं होती का? मालकाबद्दल कुणी काही बोललं असेल आणि ते सगळं तसंच ॲपमध्ये टाकलं असेल, तर कॉपीपेक्षा तो प्रकार मला जास्त डाचतो.

बाळीवेस: बायकांची नावं तिने काढली होती, कारखान्यांची नव्हती. पुढच्या वर्षीच्या सूचनापत्रात हे घालायला सांगितलंय. विभागप्रमुख म्हणाले, आधी एआय वापरायचं की नाही ते वरून येऊ द्या.