इटलीच्या परमिटसाठी कागदांचं भाषांतर: तुमचे अनुभव सांगा

आज कपाट आवरताना २०१६ ची फाईल हाती लागली आणि पोटात तोच गोळा आला. लग्नाच्या दाखल्याचं इटालियन भाषांतर करणाऱ्याने माझं नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं, मधलं नाव गाळलं. नवऱ्याने नुल्ला ओस्ताच्या, म्हणजे मला इटलीत बोलावून घ्यायच्या परवानगीच्या अर्जात तेच टाकलं. पासपोर्टवर मात्र 'गिव्हन नेम'मध्ये नवऱ्याचं नावही आहे. राहण्याचा परवाना, पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो, हाती आला, तर त्यावरचा कोदिचे फिस्काले, म्हणजे कर-ओळख कोड, अर्जातल्यापेक्षा वेगळा! आरोग्य कार्ड अडलं. मुलगी तापाने फणफणलेली. तुमचं कसं झालं?

पोवळे
अगं, कोड नावातल्या अक्षरांवरूनच बनतो. समजा नाव Sunita, तर SNT. पासपोर्टवर Sunita Ramesh असेल तर STR, कारण चार किंवा जास्त व्यंजनं असली की पहिलं, तिसरं, चौथं घेतात. म्हणून भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत द्यायची आणि नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहायला सांगायचं.

सह्याद्रीकर
अपोस्टिल असलं की भाषांतर लागत नाही ना? मला तसंच सांगितलं होतं.

पोवळे
नाही हो. अपोस्टिल म्हणजे दाखल्यावरची सही-शिक्का खरा, एवढंच. भाषांतर लागतंच, आणि अपोस्टिलच्या पानाचंही. म्हणून आधी अपोस्टिल, मग भाषांतर. मी उलट केलं, दोनदा पैसे गेले.

रानजाई
आमच्याकडे मैत्रिणीने भाषांतर करून त्रिबुनालेत, म्हणजे कोर्टात, ते बरोबर असल्याची शपथ घेतली. १६ युरोचं मुद्रांक तिकीट, मार्का दा बोल्लो, लागलं, लांब कागदाला जास्त लागतात. कुणीही करू शकतं.

पोवळे
कुणीही नाही, स्वतःच्या कागदाचं स्वतः नाही चालत. शिवाय काही त्रिबुनालेत यादीतलाच भाषांतरकार मागतात. आधी विचारून घ्या.

आबोली
तिथे कोकम मिळतं का कुठे? बहीण पुढच्या महिन्यात येतेय.

रानजाई
मिलानला एका दुकानात मिळालं होतं. बहिणीकडून आगळ मागव.

दर्यावर्दी
माझा दाखला माहेरच्या नावाचा, पासपोर्ट सासरच्या. भाषांतर बिनचूक होतं, तरी परवाना देणाऱ्या पोलीस कार्यालयात, क्वेस्तूरात, विचारलं, ही बाई कोण? मिलानच्या आपल्या वाणिज्य दूतावासातून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र आणलं, तेव्हा मानलं. चूक भाषांतराची नसते कधी कधी, मूळ कागदाचीच असते.

मूळ लेखिका
मला आजेन्झिया देल्ले एन्त्राते या कर कार्यालयात पासपोर्ट दाखवून दोन्ही कोड जुळवून घ्यावे लागले. तोपर्यंत मुलीचं औषध स्वतःच्या पैशाने. ते दिवस विसरत नाही.

पारिजात
वाचून छातीत धस्स झालं. लेकीच्या जन्मदाखल्यावर बाबांचं नाव Vijay, पासपोर्टवर Vijaykumar. भाषांतर आजच छापून आलंय, गुरुवारी क्वेस्तूरा. मूळ दाखला दुरुस्त करायला पुण्याला भावाला पाठवू की हेच घेऊन जाऊ?