मदत हवी आहे: मुंग्यांना कोणतं खाणं ओढतं? दोन दिवसांचे दोन निकाल

गोदाकाठची
मुलगी सातवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग केलाय. अंगणात भिंतीलगत फरशीच्या फटीतून बारीक काळ्या मुंग्या निघतात. पुठ्ठ्याच्या एकसारख्या चकत्यांवर प्रत्येकी एक ग्रॅम साखर, गूळ, बेसन आणि सुकट ठेवली. एक चकती मुद्दाम रिकामी. सगळ्या एका ओळीत, वीतभर अंतराने. वीस मिनिटांनी फोटो काढून त्यावरून मुंग्या मोजल्या.

शनिवारी फटीकडून क्रम असा होता: साखर ४१, गूळ ८, बेसन १, रिकामी २, सुकट ५. रविवारी ओळ उलटी केली, म्हणजे सुकट फटीजवळ आली. तर सुकट ३४, रिकामी १, बेसन २, गूळ ३, साखर ११. बाई म्हणतात सरासरी काढा, साखर पहिली येते. मुलीला ते पटत नाहीये. अहवालात निष्कर्ष काय लिहावा?

चहाबाज
साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकून ठेवा, मुंगी फिरकणार नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच.

गोदाकाठची
अहो, आम्हाला त्या यायलाच हव्या आहेत :)

पाटीपेन्सिल
मुलगी बरोबर आहे. ओळ लावली की जवळची चकती जिंकणारच. फट मध्यावर धरून अर्धगोलात, सारख्या अंतरावर मांडा. मग एकाच फेरीत पक्का निकाल मिळेल.

कीटकवेडा
अर्धगोल हवाच, पण एका फेरीत पक्कं काही होत नाही. ज्या मुंगीला आधी खाणं सापडतं ती परत जाताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत वासाचा माग सोडते. त्या मागावरून बाकीच्या येतात आणि येता-जाता तो आणखी गडद करतात. म्हणून ४१ मुंग्या म्हणजे ४१ मतं नव्हेत. एकीनं योगायोगानं साखर गाठली आणि उरलेल्या मागोमाग आल्या, असंही असू शकतं. खरी मोजणी मुंग्यांची नाही, फेऱ्यांची. प्रत्येक फेरीत चकत्या एकेक जागा पुढे सरकवा, म्हणजे पाच फेऱ्यांत प्रत्येक खाणं प्रत्येक जागी एकदा येईल. खाली दर वेळी नवा कागद अंथरा, नाहीतर जुना माग राहतो. वेळ रोज एकच ठेवा, कारण तापलेल्या फरशीवर मुंग्या वेगळ्या वागतात.

दुसरं, फोटोतून मोजण्यात सुकटीवर अन्याय होतो. साखरेशी मुंगी चाटत थांबते. सुकटीचा कण मात्र ती तोडून घरी नेते, कारण मोठ्या मुंगीला घट्ट अन्न गिळता येत नाही, ते अळ्यांसाठी असतं. थांबणारी फोटोत सापडते, उचलून गेलेली सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक चकतीकडून परत निघणाऱ्या मुंग्या मिनिटभर मोजा. चकतीपासून बोटभर अंतरावर पेन्सिलची रेघ मारा आणि ती ओलांडणाऱ्या तेवढ्या धरा.

रिकाम्या चकतीचा आकडा अहवालात जरूर द्या, तुमच्या प्रयोगातली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे. बेसनावर १-२ आणि रिकाम्यावरही १-२, म्हणजे बेसनाकडे कोणी येत नाहीये, नुसत्या भटकणाऱ्या मुंग्या आहेत.

पाटीपेन्सिल
पण साखर सगळ्यात लांब असूनही ११ आणि सुकट लांब असताना ५. मग साखर पुढे आहे असं म्हणता येईलच की.

कीटकवेडा
अंदाज म्हणून चालेल. प्रत्येक जागी एकेकच फेरी झालीये, निष्कर्ष म्हणून नको.

सांगलीकर
आमच्या परसात याच मुंग्या काही दिवस गुळाकडे ढुंकून बघत नाहीत, मेलेल्या झुरळाला मात्र ओढत नेतात. वारुळात अळ्या वाढत असल्या की प्रथिनं लागतात असं ऐकलंय. शनिवार-रविवारचा फरक त्यामुळेच असेल ना?

कीटकवेडा
अळ्यांचं खरं आहे, पण एका रात्रीत एवढी भूक बदलेल असं वाटत नाही. नाही म्हणायलाही पुरावा नाही, कारण ओळही त्याच दिवशी उलटली. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. पाच फेऱ्यांना वेळ नाही, शाळा सुटल्यावर रोज एकच होते. फक्त साखर, सुकट आणि रिकामी अशा तीन जागांच्या तीन फेऱ्या केल्या तर?

कीटकवेडा
उत्तम. चार खाणी घाईत करण्यापेक्षा दोन नीट होतील. पहिले दोन दिवस ‘प्राथमिक चाचणी’ म्हणून आकड्यांसकट द्या आणि मांडणी का बदलली ते दोन ओळींत लिहा.

पाटीपेन्सिल
मला नाही पटत. नावनोंदणीत चार खाद्यपदार्थ लिहिले असतील तर परीक्षक आधी तेच विचारतील. गूळ तरी ठेवा.

गोदाकाठची
हो, अर्जात चार लिहिलेत. उद्या बाईंना विचारते, गूळ ठेवला तर चार फेऱ्या लागतील आणि गुरुवारपर्यंत तीनच बसतात.