मदत हवी आहे: दहा तारखेला संध्याकाळी बिलं आणून देतात, दबून न राहता आणि न भांडता कसं सांगू?

जमाखर्च: मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला आहे. विक्रीचं जीएसटी रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, भरायची शेवटची तारीख दर महिन्याची ११. विक्रीचे एक सीनियर राहिलेली बिलं १० तारखेला संध्याकाळी साडेपाचला माझ्या टेबलावर ठेवतात. चार महिने मी "बरं सर, बघते काय होतंय" म्हणत नऊपर्यंत बसले. परवा मात्र मी फाइल आपटली आणि त्यांना म्हणाले, "तुमचं नेहमीचंच आहे! मी काय तुमची नोकर आहे?" सगळा मजला गप्प. आता बिलं उशिरा आली हे कुणालाच आठवत नाही, माझा आवाज तेवढा आठवतो. या दोन्हींच्या मधलं बोलणं कसं असतं? नेमके शब्द हवेत.

रोखठोक: ठाम बोलणं म्हणजे सरळ "जमणार नाही". कारणं देत बसू नका.

शिफ्टवाला: पाल्हाळ नको हे बरोबर. पण नुसत्या नकाराने ११ तारीख टळत नाही. ताई, तुमच्या दोन्ही वाक्यांत एकच गोष्ट राहिली: तुम्हाला काय हवंय. "बघते" मध्ये तुम्ही स्वतःला बाजूला ठेवलंत, "नेहमीचंच" मध्ये त्यांच्या स्वभावावर बोट ठेवलंत. मागणी दोन्हीकडे नाही. असं बोलून बघा:

"सर, आज चोवीस बिलं आली. घाईत पार्टीचा जीएसटी नंबर चुकला तर त्यांना क्रेडिट दिसत नाही, मग फोन तुम्हाला येतो. आज यातली दहा होतील. कोणती आधी घेऊ? पुढच्या महिन्यापासून मला बिलं ७ तारखेपर्यंत लागतील."

ते म्हणतील, "या वेळी करा ना." तेव्हा नवं कारण शोधू नका, नव्या कारणाला ते नवं उत्तर शोधतील. त्याच आवाजात पुन्हा, "आज दहा होतील, कोणती घेऊ?" आणि ७ तारखेची आठवण २-३ तारखेलाच करा, हातात गठ्ठा असताना नको. तोंडातून "सॉरी सर, जरा..." निघालं की समजा दबलात. "नेहमी", "कधीच" आलं की अंगावर गेलात.

अंगण: आमच्याकडे शेजारी माझ्या पार्किंगमध्ये गाडी लावतात. मी चिठ्ठी चिकटवली तर बोलणंच बंद केलंय त्यांनी. तिथे काय म्हणायचं?

जमाखर्च: "कोणती आधी घेऊ" हे सुचलंच नव्हतं. पण परवाच्या ओरडण्याची माफी मागू का? आणि अप्रेझलला यांचंच मत विचारतात.

शिफ्टवाला: आवाजाची मागा, मुद्द्याची नको. "परवा मी चढ्या आवाजात बोलले, ते चुकलं. बिलांची तारीख मात्र ठरवायला हवी." अप्रेझलची भीती खरी आहे. मनात डूख धरणारा माणूस असेल तर शब्द कितीही नीट असोत, तो धरणारच. तारीख ठरली की त्याच दिवशी मेल करून ठेवा.

रोखठोक: मी माफी मागितली नसती.