मदत हवी आहे: दोन महायुद्धांवरील शालेय प्रश्नमंजूषेची संहिता आणि निर्णायक प्रश्न

मुठाकाठ_शिक्षिका

नमस्कार. मी पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. आठवी ते दहावीच्या सहा गटांसाठी, प्रत्येक गटात तीन विद्यार्थी असे धरून, दोन्ही महायुद्धांवर सव्वा तासाची प्रश्नमंजूषा घ्यायची आहे. सूत्रसंचालन दहावीतील दोन विद्यार्थी करणार असल्यामुळे त्यांनी बोलायचे प्रत्येक वाक्य, स्वीकारायची उत्तरे आणि बरोबरी झाल्यास काय करायचे, हे सर्व संहितेत लिहून द्यावे लागेल.

गेल्या वर्षी माझी एक चूक झाली, ती सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही. दोन गटांचे गुण समान झाले, म्हणून मी निर्णायक प्रश्न विचारला: ‘दुसरे महायुद्ध कोणत्या दिवशी संपले?’ एका गटाने पाटीवर ८ मे १९४५ लिहिले, दुसऱ्याने २ सप्टेंबर १९४५, आणि माझ्या कागदावर १५ ऑगस्ट १९४५ होते. मी दोन्ही उत्तरे चूक ठरवून दुसरा प्रश्न घेतला. हरलेल्या गटातील एक मुलगी दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आली आणि तिचे उत्तर चूक कसे, असे तिने विचारले. मला तिला काहीही सांगता आले नाही.

या वर्षीच्या मसुद्यात तीन फेऱ्या आहेत, पण पुन्हा वाचताना लक्षात आले की पहिल्या फेरीत मी वर्ष विचारते, दुसरीत महिना आणि तिसरीत तारीख. याला चढती काठिण्यपातळी म्हणता येईल का, याबद्दल मलाच शंका आहे. काठिण्य कसे वाढवावे आणि निर्णायक प्रश्न कसा निवडावा, या दोन गोष्टींवर मार्गदर्शन हवे आहे.

रानजाई

ताई, नववीच्या स्वाध्यायातील प्रश्न घेतले तर सोपे जाईल. माझ्याकडे मागील तीन वर्षांच्या सराव प्रश्नपत्रिका आहेत, हव्या असल्यास पाठवते.

मुठाकाठ_शिक्षिका

आभारी आहे, परंतु प्रश्नांचा साठा माझ्याकडे पुरेसा आहे. ते कोणत्या क्रमाने घ्यावेत आणि कोणत्या शब्दांत विचारावेत, ही माझी अडचण आहे.

खडकीकर

बाई, आपली शंका योग्य आहे. वर्षाकडून तारखेकडे गेल्याने फक्त पाठांतर वाढते. ज्या मुलाला तारीख ठाऊक नाही त्याला तीस सेकंद दिले काय आणि तीन मिनिटे दिली काय, तो विचार करून उत्तरापर्यंत पोहोचू शकत नाही. मी गेली बरीच वर्षे शाळांमधून प्रश्नमंजूषा घेतो आणि काठिण्य एकाच मापाने मोजतो: उत्तरापर्यंत जाण्यासाठी मुलाला किती माहितीचे तुकडे जोडावे लागतात?

पहिल्या फेरीत एकच तुकडा असावा. ‘आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या कोणत्या शहरात झाली?’ उत्तर सारायेव्हो. दुसऱ्या फेरीत दोन तुकडे जोडायला लावावेत. ‘सारायेव्हो येथील हत्येला बरोबर पाच वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी कोणत्या करारावर सह्या झाल्या?’ हत्या २८ जून १९१४ची आणि व्हर्सायचा तह २८ जून १९१९चा. तारीख पाठ नसली तरी १९१९ हे वर्ष आठवणारा गट तर्काने उत्तर काढू शकतो.

तिसऱ्या फेरीसाठी तर गेल्या वर्षीचा आपला वादच उपयोगी पडेल. युरोपात जर्मनीने पहिल्यांदा ७ मे १९४५ रोजी फ्रान्समधील रॅन्स येथे शरणागतीवर सही केली, आणि मग सोव्हिएत आग्रहावरून ८ मेच्या रात्री उशिरा बर्लिनमध्ये पुन्हा सह्या झाल्या. जपानच्या सम्राटाचे शरणागतीचे भाषण १५ ऑगस्टला प्रसारित झाले, पण प्रत्यक्ष सह्या टोकियोच्या उपसागरात मिसुरी या युद्धनौकेवर २ सप्टेंबरला झाल्या. म्हणजे आपल्या प्रश्नाला निदान तीन समर्थनीय उत्तरे होती आणि त्या मुलीचे म्हणणे रास्त होते. आता तोच प्रश्न असा विचारून पाहा: ‘युरोपातील विजय दिन ब्रिटनमध्ये ८ मे रोजी पाळला जातो आणि रशियात ९ मे रोजी. शत्रू एकच आणि शरणागतीही एकच, मग तारखा दोन का?’ बर्लिनमध्ये सह्या झाल्या तेव्हा मॉस्कोत मध्यरात्र उलटून गेली होती, हे उत्तर भूगोलातील प्रमाणवेळेवरूनही सुचू शकते.

सदाशिव_वाचक

खडकीकर सरांचे म्हणणे पटले. एक भर घालतो. भारतीयांवरील प्रश्न अवश्य घ्यावा. पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे भारतीय सैनिक दरवानसिंग नेगी होते, हे फार थोड्यांना माहीत असते. तिसऱ्या फेरीत शोभून दिसेल.

खडकीकर

वाचक, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि म्हणूनच हा प्रश्न या शब्दांत घेऊ नये. हाच सन्मान मिळालेले भारतीय सैनिक खुदादाद खान यांचा पराक्रम ३१ ऑक्टोबर १९१४चा, बेल्जियममधील होलेबेके येथील, आणि नेगी यांचा त्यानंतर नोव्हेंबरमधला. मात्र नेगी यांना पदक प्रत्यक्ष हाती आधी मिळाले. ५ डिसेंबरला राजे पाचवे जॉर्ज यांनी ते फ्रान्समध्ये दिले, तर खुदादाद खान यांना जानेवारी १९१५ मध्ये मिळाले. ‘पहिला’ हा शब्द संहितेत दिसला की तेथे थांबून स्वतःला विचारावे: कशात पहिला? ‘ज्यांच्या पराक्रमासाठी हा सन्मान मिळाला, त्या भारतीय सैनिकांपैकी कालक्रमाने पहिले कोण?’ असे विचारल्यास एकच उत्तर उरते.

सदाशिव_वाचक

मान्य. मी पदकप्रदानाची तारीख धरली होती.

माणगावकर

विषय निघाला म्हणून लिहितो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि इटलीत लढले, एवढेच घरात सांगितले जाते. आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. त्यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतील लढाईत दाखवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुण्यातील मुलांना इटलीत मराठी माणसे का लढत होती हेच ठाऊक नसते. आजोबांच्या तुकडीची नोंद कोठे मिळेल, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

मुठाकाठ_शिक्षिका

माणगावकर, हा प्रश्न मी नक्की घेणार आहे. इटलीच्याच आघाडीवर एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी पराक्रम केलेले नामदेव जाधव हेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच होते, तेव्हा दोघांना जोडणारा दुवा दुसऱ्या फेरीत विचारता येईल. आजोबांच्या नोंदीसाठी कृपया वेगळा धागा काढावा, येथे ते विचारणे हरवून जाईल.

खडकीकर सर, आपल्या सूचनेनुसार मी तिसऱ्या फेरीत संकेतांचा प्रश्न लिहिला आहे. पहिल्या संकेतावर ३० गुण, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर १०. सूत्रसंचालक म्हणेल: ‘संकेत पहिला. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच या शहराचे नाव जर्मन वाटते म्हणून बदलण्यात आले. संकेत दुसरा. दहा वर्षांनी एका नेत्याच्या निधनानंतर नाव पुन्हा बदलले. संकेत तिसरा. दुसऱ्या महायुद्धात या शहराला १९४१ ते १९४४ असा जवळपास नऊशे दिवस वेढा होता.’ उत्तर लेनिनग्राड.

खडकीकर

प्रश्न सुरेख आहे, कारण एकच शहर दोन्ही युद्धांना बांधते. पण पहिल्याच संकेतावर एखादा गट ‘पेट्रोग्राड’ म्हणेल, आणि आजचे नाव ठाऊक असलेला ‘सेंट पीटर्सबर्ग’ म्हणेल. आपला दहावीचा सूत्रसंचालक कागदावर लेनिनग्राड पाहून दोघांनाही बाद करील. म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली ‘स्वीकारावे’ आणि ‘स्वीकारू नये’ अशा दोन ओळी लिहा. येथे तिन्ही नावे पहिल्या ओळीत येतील आणि स्टालिनग्राड दुसऱ्या ओळीत, कारण मुले हमखास तेच म्हणतात. संहितेतील खरी मेहनत या दोन ओळींची असते.

शेवटच्या प्रश्नासाठी एक सुचवतो. ‘जपानने पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ रोजी आणि मलायातील कोटा भारूवर ८ डिसेंबरला हल्ला केला. आधी कोठे झाला?’ बहुतेक गट पर्ल हार्बर म्हणतील, परंतु मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे आणि कोटा भारूचा हल्ला प्रत्यक्षात तासाभराहून अधिक आधी सुरू झाला होता. कारण सांगितल्याशिवाय गुण देऊ नयेत, नाहीतर दोन पर्यायांतील एक निवडणारा गट नशिबाने जिंकतो.

रानजाई

मग निर्णायक प्रश्न म्हणून दोन्ही युद्धांतील एकूण मृतांची संख्या विचारता येईल. जो जवळ जाईल तो विजयी. आमच्या सोसायटीत अशाच पद्धतीने घेतात.

मुठाकाठ_शिक्षिका

मृतांच्या आकड्यांवर अंदाज बांधायची स्पर्धा लावणे मला मनापासून नको वाटते. शिवाय प्रत्येक पुस्तकात आकडा वेगळा असतो, त्यामुळे गेल्या वर्षीचीच चूक पुन्हा होईल.

सदाशिव_वाचक

भावना समजते, पण मुलांना त्या संहाराचा आवाका कळू नये का? स्पर्धेत नको, हे मला पूर्ण पटत नाही.

खडकीकर

तो वाद बाजूला ठेवला तरी रानजाई यांची पद्धत चांगली आहे, आकडा मात्र बदलावा. असा आकडा घ्यावा जो सूत्रसंचालक सर्वांसमोर फळ्यावर मांडून दाखवू शकेल. ‘ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले तो २८ जुलै १९१४ आणि युद्धविराम झाला तो ११ नोव्हेंबर १९१८, या दोहोंत किती दिवसांचे अंतर आहे? वीस सेकंदांत पाटीवर अंदाज लिहा.’ चार वर्षांचे १४६१ दिवस, कारण १९१६ लीप वर्ष, पुढे २८ जुलै ते ११ नोव्हेंबर १०६ दिवस, एकूण १५६७. दोन्ही टोकांचे दिवस धरल्यास १५६८ येतात, म्हणून ‘पहिला दिवस मोजलेला नाही’ हे वाक्य प्रश्नातच असले पाहिजे. दोन्ही तारखा प्रश्नात दिल्यामुळे युद्ध कधी सुरू झाले यावर वाद उरत नाही.

मुठाकाठ_शिक्षिका

हे फार उपयोगी पडले. मात्र एका गटाने १५५७ लिहिले आणि दुसऱ्याने १५७७, तर दोघेही दहानेच चुकतील. आणि तीन गटांत बरोबरी झाली तर?

खडकीकर

अशा वेळी आकडा कमी सांगणारा जिंकेल, असा नियम काही जण ठेवतात. मला तो मनमानी वाटतो, पण तो आधी वाचून दाखवला तर तक्रार येत नाही. मी स्वतः दुसरा आकड्याचा प्रश्न राखून ठेवतो, आणि तीन गट असतील तर सर्वांत दूर असलेल्या गटाला वगळून उरलेल्या दोघांना तो विचारतो. तिसरी वेळ आली तर विजेतेपद विभागून द्यावे, हे माझे मत झाले.

मुठाकाठ_शिक्षिका

विभागून देण्यास आमच्या मुख्याध्यापकांची संमती घ्यावी लागेल, कारण चषक एकच आहे. उद्या विचारते. तोपर्यंत ‘स्वीकारावे’ आणि ‘स्वीकारू नये’ या ओळी पहिल्या फेरीच्या अठरा प्रश्नांखाली लिहायला घेतल्या आहेत. चौथ्याच प्रश्नाला ‘पहिला’ हा शब्द सापडला.