मदत हवी आहे: ClF₃ मध्ये लोन पेअर समोरासमोर का बसत नाहीत?

निळीशाई:
रेणूंच्या आकाराचे प्रश्न सोडवतेय आणि ClF₃ पाशी अडकलेय. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत 7 इलेक्ट्रॉन. तीन फ्लोरीनशी बंध करायला 3 गेले, उरले 4, म्हणजे दोन लोन पेअर. एकूण पाच जोड्या. तीन जागा मधल्या पातळीत 120 अंशांवर, एक वर, एक खाली. इथपर्यंत माझं उत्तर जुळतं.

लोन पेअर एकमेकांना सगळ्यात जोरात ढकलतात, म्हणून मी एक वर आणि एक खाली ठेवला, मध्ये पूर्ण 180 अंश. मग तिन्ही फ्लोरीन मधल्या पातळीत येतात आणि आकार सपाट त्रिकोण होतो. उत्तरात मात्र T आकार आहे, म्हणजे दोन्ही लोन पेअर मधल्या पातळीत, फक्त 120 अंशांवर. XeF₄ मध्ये याच विचाराने सपाट चौकोन बरोबर आला होता. मग इथे काय चुकलं?

दुपारचाचहा:
तीन बंध आहेत ना, मग NH₃ सारखा पिरॅमिड यायला हवा. मी तसंच लिहिलं असतं.

निळीशाई:
NH₃ मध्ये एकच लोन पेअर आहे, एकूण चार जोड्या. इथे पाच आहेत.

प्रयोगवही:
पाच जोड्या असल्या की लोन पेअर कायम मधल्या पातळीत, हे लक्षात ठेव आणि पुढे जा. एक असेल तर SF₄ सारखा सी-सॉ, दोन असतील तर T, तीन असतील तर सरळ रेषा. लोन पेअर आपापसात किती ढकलतात हे इथे बघायचंच नसतं.

जुनाफळा:
प्रयोगवही, नियम बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य नाही. बघायचं असतं, फक्त तेवढंच बघून थांबायचं नसतं.

निळीशाई, तू दोन लोन पेअरमधलं अंतर पाहिलंस, पण प्रत्येक लोन पेअरच्या शेजारी कोण आलं ते मोजलं नाहीस. खरा त्रास 90 अंशांवरच्या शेजाऱ्याचा. वरच्या किंवा खालच्या जागेला असे तीन शेजारी असतात, मधल्या जागेला दोनच.

तुझी मांडणी घे. वरच्या लोन पेअरला 90 अंशांवर तीन बंध, खालच्यालाही तीन. लोन पेअर आणि बंध यांच्या सहा टकरी झाल्या. आता दोन्ही लोन पेअर मधल्या पातळीत आण. प्रत्येकाला 90 अंशांवर फक्त वरचा आणि खालचा बंध. टकरी चार. उरलेल्या दोन टकरी बंधा-बंधांतल्या, त्या सगळ्यात सौम्य.

एक वर आणि एक मध्ये ठेवून बघ. लोन पेअर आणि बंध यांच्या टकरी तीनच येतात, म्हणजे आकड्यांत ही मांडणी सगळ्यात स्वस्त दिसते. पण दोन्ही लोन पेअर एकमेकांना 90 अंशांवर येतात, आणि तेवढ्या एका कारणाने ती बाद होते. म्हणून ते बघावं लागतं.

XeF₄ ला सहा जोड्या, आणि तिथे सहाही जागा सारख्या. लोन पेअर कुठेही ठेव, प्रत्येकाला 90 अंशांवर चारच शेजारी. मग निवड फक्त 90 की 180 एवढीच उरते. म्हणून तुझी युक्ती तिथे चालली.

पडताळाही आहे. सपाट त्रिकोण असता तर तिन्ही बंध सारखे असते आणि द्विध्रुव आघूर्ण शून्य आलं असतं. प्रत्यक्षात ते शून्य नाही. दोन बंध सुमारे 170 पिकोमीटर, एक सुमारे 160, आणि लांब व आखूड बंधांतला कोन 87.5 अंश. T चे हात लोन पेअरपासून लांब झुकलेले आहेत.

दुपारचाचहा:
मग माझं I₃⁻ का चुकलं होतं? मी वाकडा आकार लिहिला होता. मधल्या आयोडीनचे 7, दोन बंधांत गेले 2, उरले 5, मी दोन लोन पेअर धरले.

जुनाफळा:
ऋणभाराचा एक इलेक्ट्रॉन सुटला. 7 अधिक 1, वजा 2, उरले 6, म्हणजे तीन लोन पेअर. ते मधल्या तिन्ही जागा घेतात, आयोडीन वर आणि खाली, म्हणून सरळ रेषा. उरलेले इलेक्ट्रॉन विषम आले की आधी भार तपासायचा.

निळीशाई:
टकरी मोजल्यावर समजलं. पण 120 अंशांवरचं ढकलणं शून्य का धरायचं?

जुनाफळा:
शून्य नसतं, कोन वाढला की झपाट्याने कमी होतं, म्हणून मोजणीत सोडतात. काहीजण वेगळं कारण देतात: मधल्या जागांत s कक्षकाचा वाटा जास्त आणि लोन पेअरला तो हवा असतो. मला ते जास्त पटतं.

प्रयोगवही:
मला नाही. टकरी मोजून उत्तर येतंय तर कक्षक कशाला आणायचे?

जुनाफळा:
कारण टकरी मोजणं सगळीकडे पुरत नाही. BrF₆⁻ मध्ये ब्रोमीनवर एक लोन पेअर उरतो, तरीही तो नियमित अष्टफलक आहे. तिथे ही मोजणी चुकीचं उत्तर देते.

निळीशाई:
SF₄ स्वतः करून पाहिलं. लोन पेअर वर ठेवला तर तीन टकरी, मध्ये ठेवला तर दोन, म्हणून सी-सॉ. वरच्या-खालच्या बंधांतला कोन 173 दिलाय, 180 नाही. लोन पेअरने दोघांना पलीकडे ढकललं असणार. BrF₆⁻ मात्र अजून डोक्यात बसलं नाही.