शब्दचर्चा : 'पाणी नाही' की 'पाणी नव्हे'? तेलुगूत लेदु की कादु?

महाल_छापखाना

नमस्कार मंडळी. आमचं महालात फ्लेक्स आणि पाट्या छापायचं छोटं दुकान आहे. हिंगण्याकडच्या एका बांधकामावरच्या पाटीवरून प्रश्न पडला आहे, म्हणून इथे आले.

साइटवर बोअरच्या पाण्याचा एक नळ आहे. तो सिमेंट कालवायला आणि भिंतींवर पाणी मारायला. प्यायचं पाणी वेगळं, टँकरचं. नळावर लावायला 'पिण्याचे पाणी नाही' अशी मराठी पाटी दिली होती. बरेच मजूर तेलुगू बोलणारे आहेत, म्हणून खाली तेलुगूत एक ओळ हवी होती. कोणीतरी शब्दाला शब्द लावून 'तागुनीरु लेदु' लिहून दिलं आणि आम्ही छापलं.

आठ दिवसांनी मुकादम सांगत आला की माणसं त्याच नळाचं पाणी पितात. विचारलं तर म्हणाले, "पाटीवर पाणी नाही म्हणून लिहिलंय, आणि नळ सोडला तर पाणी येतं. पाटी जुनी असेल." दुकानातला आमचा मुलगा थोडी तेलुगू जाणतो. तो म्हणाला, "ताई, इथे लेदु नाही, कादु पाहिजे." दोन्हीचा अर्थ 'नाही' असेल तर फरक काय? वर तो म्हणतो की तेलुगूत 'हे पाणी आहे' या वाक्यात 'आहे'च नसतं. मग ते लोक बोलतात कसं?

वर्धारोड_९

सोपं आहे. द्रविड भाषांमध्ये 'असणे' हे क्रियापदच नाही. 'इदि नीरु' म्हणजे शब्दशः 'हे पाणी', बास. संस्कृतात अस् धातू होता, तो आपल्याकडे आला. त्यांच्याकडे नाही, म्हणून नकारासाठी दोन वेगळे शब्द करावे लागले.

मूळ_आदिलाबाद

दादा, अर्धं बरोबर आहे. आमच्या घरी तेलुगूच बोलतात. 'इदि नीरु' मध्ये क्रियापद नाही हे खरं. पण 'इक्कड नीरु उंदि' म्हणजे 'इथे पाणी आहे', आणि त्यातलं 'उंदि' हे पूर्ण क्रियापद आहे. घरात असणं, डब्यात असणं, जवळ पैसे असणं, सगळं त्याच्यावर चालतं. एखादी वस्तू कोण किंवा काय आहे हे सांगताना मात्र ते येत नाही.

गंमत म्हणजे क्रियापद नसलं तरी बोलणारा कोण ते कळतं, कारण नामालाच शेपूट लागतं. 'मी मिस्त्री' म्हणायचं तर 'नेनु मेस्त्रीनि', 'तू मिस्त्री' तर 'नुव्वु मेस्त्रीवि'. ते 'नि' आणि 'वि' म्हणजे मी आणि तू यांच्या खुणा. मराठीत क्रियापद जे काम करतं ते तिथे मिस्त्रीच करतो.

ताई, तुमच्या पाटीचा घोळ असा. 'उंदि'चा नकार 'लेदु'. 'इदि नीरु'सारख्या वाक्याचा नकार 'कादु'. 'तागुनीरु लेदु' म्हणजे प्यायचं पाणी उपलब्ध नाही, संपलं. तुम्हाला म्हणायचं होतं की हे जे येतंय ते प्यायचं पाणी नव्हे. ते 'इदि तागुनीरु कादु'.

आमच्या घरी प्यायच्या पाण्याला 'मंचि नीळ्ळु' म्हणतात. तो शब्द अनेकवचनी आहे, म्हणून तो घेतला तर लेदु-कादु बदलून 'लेवु' आणि 'कावु' होतील. पाटीवर 'तागुनीरु' ठेवलं तर ही भानगड टळते.

हिंगणा_भाऊ

भाऊ, येवढं डोकं काऊन लावायचं? 'पिण्यायोग्य नाही' लिहा, मोकळे व्हा. माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे. मी स्वतः साइटवर काम केलं आहे, उन्हाळ्यात तहान लागल्यावर पाटी कोणी वाचत नाही. नळाला लाल रंग मारा.

महाल_छापखाना

हिंगणा_भाऊ, लाल रंगाचं आजच सांगते, बरोबर आहे तुमचं. पण तेलुगू ओळ तरी बरोबर हवीच.

आणि माझ्या मनात आता दुसरंच घोळतंय. मराठी पाटी बरोबर होती का? 'पिण्याचे पाणी नाही' यातूनही दोन्ही अर्थ निघतात. मराठी वाचणारा नळाकडे बघून समजून घेतो. आपल्याकडे तेलुगूसारखे दोन शब्द नाहीत का?

सेवानिवृत्त_मराठी_शिक्षक

आहेत ताई. 'नाही' आणि 'नव्हे'. फक्त बोलताना आपण दुसरा फारसा वापरत नाही, म्हणून विसर पडतो.

'टाकीत पाणी नाही' हे वाक्य घ्या आणि 'नाही' काढून 'नव्हे' घाला. 'टाकीत पाणी नव्हे' असं नुसतं म्हणून थांबलात तर कानाला लगेच खटकतं. आता 'हे पाणी पिण्याचे नव्हे' म्हणून बघा. उत्तम मराठी. म्हणजे जिथे वस्तूचा अभावच सांगायचा आहे तिथे 'नव्हे' चालत नाही. जिथे वस्तू समोर आहे आणि तिची ओळख नाकारायची आहे तिथे चालतं. तेलुगूच्या लेदु आणि कादुसारखीच ही वाटणी. फरक एवढाच की आपलं 'नाही' दोन्हीकडे चालतं, आणि 'नव्हे' फक्त एकीकडे. म्हणून पाटीवरचं 'नाही' दुटप्पी झालं. तेलुगू लेदुला ती मुभा नाही, त्यामुळे तिथे चूक थेट उघडी पडली.

तमिळ बोलणाऱ्यांची गत आपल्यासारखीच आहे. त्यांच्या लेखी भाषेत 'इल्लै' आणि 'अल्ल' असे दोन शब्द आहेत, पण बोलताना 'इल्लै' दोन्ही कामं करतं. 'तण्णि इल्लै' म्हणजे पाणी नाही, आणि 'इदु तण्णि इल्लै' म्हणजे हे पाणी नव्हे. तिथे 'इदु' हा एक शब्द सगळा अर्थ सांभाळतो. तुमच्या मराठी पाटीतही 'हे' असतं तर अर्धा गोंधळ टळला असता.

वर्धारोड_९

सर, उंदिबद्दल मान्य. पण मग 'काल टाकीत पाणी नव्हते' हे कसं? तुमच्या नियमाने 'नव्हे' अभावासाठी चालत नाही. मग भूतकाळात कसं चाललं?

सेवानिवृत्त_मराठी_शिक्षक

चांगला मुद्दा काढलात. भूतकाळात आपल्याकडे एकच रूप उरलं आहे. 'तो डॉक्टर नव्हता' आणि 'तो घरी नव्हता', दोन्हीकडे नव्हता. मी सांगितलेली वाटणी फक्त वर्तमानकाळात टिकते. जुन्या काव्यातलं 'नोहे' हेही याच घराण्यातलं, आणि तिथेही ते बऱ्याचदा ओळख नाकारायला येतं. 'न होय' असं फोडून वाचलं की कळतं. ओळख सांगणारं 'होय' आजही व्याख्येत टिकून आहे.

हिंगणा_भाऊ

सर, माझी आजी 'हे पानी प्याचं नोहे' असंच म्हणायची. आम्हाला शाळेत ते गावठी म्हणून सुधारायला लावलं होतं.

मूळ_आदिलाबाद

तेलुगूत भूतकाळातही दोघं वेगळेच राहतात. 'निन्न नीरु लेदु' म्हणजे काल पाणी नव्हतं. लेदुला काळ लागतच नाही, 'निन्न' म्हणजे 'काल' हा शब्द ते सांगतो. 'अदि ना इल्लु कादु' म्हणजे 'ते माझं घर नव्हे', आणि संदर्भ जुना असेल तर तेच 'नव्हतं' होतं.

पण सर, 'नव्हे म्हणजे फक्त ओळख' हे मला पटत नाही. 'आई घरी नव्हे, देवळात आहे' असं तुम्ही म्हणता ना? तिथे तर ठिकाण नाकारलं जातंय. आमच्यातही 'इंट्लो कादु, गुडिलो उंदि', म्हणजे घरात नव्हे, देवळात आहे. 'इंट्लो लेदु' म्हटलं तर ती घरात नाही, कुठे आहे ते माहीत नाही.

सेवानिवृत्त_मराठी_शिक्षक

हे तुम्ही फार नेमकं पकडलंत. मी रेघ चुकीच्या जागी ओढली होती. 'नव्हे' समोरच्याच्या मनातला एक तुकडा दुरुस्त करतं, मग तो तुकडा नाव असो, ठिकाण असो की वेळ. 'नाही' म्हणतं की सांगितलेली गोष्ट तिथे नाहीच. 'टाकीत पाणी नव्हे, रॉकेल आहे' हे चालतं, कारण तिथेही दुरुस्ती आहे. मघाशी मी 'नुसतं म्हणून थांबलात तर' असं म्हटलं, त्याचं कारण आता मलाच नीट कळलं.

रशियन_वर्ग

मी नागपूरला असताना काही महिने रशियन शिकलो होतो, म्हणून राहवलं नाही. तिथेही वर्तमानकाळात 'आहे' गाळतात. 'हे पाणी' म्हणायला 'एता वदा' एवढंच. नकार करताना मात्र दोन वाटा. 'हे पाणी नव्हे' म्हणजे 'एता नि वदा', पाणी जसंच्या तसं. 'पाणी नाही' म्हणजे 'वदी न्येत', आणि इथे वदाचं वदी होतं. ती षष्ठी आहे, जणू 'पाण्याचं नाही'. मला परीक्षेत हे दर वेळी चुकायचं, कारण मी मराठीतल्या एकाच 'नाही'वरून भाषांतर करायचो. भूतकाळात मात्र 'असणे' हजर होतं आणि गाळता येत नाही. म्हणून 'त्यांच्या भाषेत क्रियापदच नाही' असं म्हणणं मला नेहमी अपुरं वाटतं.

वर्धारोड_९

बरोबर. माझं पहिलं विधान मागे घेतो. मग 'पाणी थंड आहे' याला तेलुगूत क्रियापद लागतं की नाही? ती ओळख झाली की स्थिती?

मूळ_आदिलाबाद

लागतं. 'नीरु चल्लगा उंदि'. शब्दशः 'पाणी थंडपणे आहे'. नकार 'चल्लगा लेदु'. पण 'घर मोठं आहे' याला 'इल्लु पेद्ददि', म्हणजे 'घर मोठं-ते', तिथे उंदि नाही. पाण्याचा थंडपणा जातो, घराचा मोठेपणा जात नाही, असं काहीतरी मला वाटतं. पण पक्का नियम म्हणून सांगत नाही, कारण मी व्याकरण शिकलेलो नाही, फक्त बोलतो.

महाल_छापखाना

सगळ्यांचे आभार. दुकानातल्या मुलाने आणि मुकादमाने मिळून नवीन पाटी ठरवली. मराठीत 'हे पाणी पिण्याचे नव्हे. पिऊ नये.' तेलुगूत 'इदि तागुनीरु कादु' आणि त्याखाली मोठ्या अक्षरात 'ई नीरु तागकूडदु', म्हणजे हे पाणी पिऊ नये. मुकादम म्हणाला, मनाई करणारी ओळ सरळ हवी, कादु-लेदु वाचणाऱ्यावर सोडू नये. नळाला लाल रंग आजच मारला.

साइटवर गोंडी बोलणारे चौघेही आहेत, देवरीकडचे. त्यांना मराठी कळते, पण त्यातले दोघे वाचत नाहीत, म्हणून मुकादम त्यांना तोंडीच सांगणार आहे. गोंडीही द्रविड कुळातली. तिथे पाणी नसणं आणि पाणी नव्हे असणं याला वेगळे शब्द असतील, तर तोंडी निरोपातही तीच चूक होऊ शकते. गोंडी बोलणाऱ्या कोणी 'हे पाणी प्यायचं नव्हे' हे वाक्य त्यांच्या भाषेत लिहून दिलं तर मुकादमाला पाठ करून देईन.